मुलांना मराठीत, प्रिन्सिपॉलना इंग्रजीत

मराठी पत्र साडेतीन पानांचं आहे आणि त्याची इंग्रजी प्रत एका पानात संपते. यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'निरोप' हा विषय दिला आणि महाराष्ट्राबाहेर कुठे काही सापडतंय का ते बघा, असं सुचवलं. कोलकात्याच्या एका ओळखीच्या घरातून या पत्राबद्दल कळलं. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक मराठी बाई जुलैअखेर निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी आपल्या मराठी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं आणि प्रिन्सिपॉलसाठी त्याची इंग्रजी प्रत केली. नाव, शाळा आणि मुलांची ओळख छापायची नाही, या अटीवर त्यांनी दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले. मी आधी पानं मोजली. उरलेली अडीच पानं गेली कुठे, हा प्रश्न तिथेच पडला.

"गेली कुठे नाहीत," बाई म्हणाल्या. "ती प्रिन्सिपॉलसाठी नव्हतीच."

बडाबाजारातली मुलं

कोलकात्यात मराठी माध्यमाची शाळा शोधत गेलात तर निराश व्हाल. मराठी माणूस मात्र भरपूर सापडतो. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, तिथला गणपती आहे. नोकरीनिमित्त आलेली माणसं भवानीपूर, बालीगंज या बाजूला राहतात. नागपूरकडचे काही जण रेल्वेमुळे आले. बंगाल-नागपूर रेल्वेचं मुख्यालय गार्डन रीचला होतं, आज तिथेच दक्षिण पूर्व रेल्वेचं आहे. पण बाईंच्या पत्रातली मुलं यांपैकी कुणाची नाहीत. ती बडाबाजारातली आहेत, गलाईवाल्यांची.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून आणि शेजारच्या माण-खटावातून माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. विट्याच्या आसपासच्या गावांत चौकशी केली तर घरटी कुणीतरी कोचीला, कुणी अमृतसरला, कुणी कोलकात्याला असतं. सोनारांच्या गल्लीत आठ-दहा फुटांची खोली, एक भट्टी, मुशी, तेजाबाच्या बाटल्या आणि वरच्या माळ्यावर झोपायची जागा असा हा संसार. पूर्वी बायका-मुलं गावी असत. आता बरीच कुटुंबं इथेच राहतात आणि मुलं इंग्रजी शाळेत जातात.

ही मुलं घरी माणदेशी मराठी बोलतात, गल्लीत हिंदी, खेळताना बंगाली आणि वर्गात इंग्रजी. मराठी वाचायला त्यांना कुणी शिकवलेलं नाही. देवनागरी येते ती शाळेत दुसरी भाषा म्हणून हिंदी घेतल्यामुळे. बाई रविवारी सकाळी आपल्या घरी त्यांना बसवून मराठी वाचून घ्यायच्या. फी नाही, हजेरी नाही. पोहे असायचे. शाळेत हीच मुलं त्यांना 'मॅम' म्हणायची, रविवारी 'बाई'.

जुलैमध्येच का

पत्र लिहावं लागलं त्याचं कारण भावनेपेक्षा कॅलेंडरमध्ये जास्त आहे. बाईंच्या शाळेत साठावं वर्ष ज्या महिन्यात पूर्ण होतं, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिक्षक निवृत्त होतो. शाळेचं वर्ष मात्र एप्रिल ते मार्च. म्हणजे जुलैमध्ये जाणारा शिक्षक दहावीचा वर्ग अर्ध्यावर टाकून जातो. आयसीएसईच्या रसायनशास्त्रात ऐंशी गुण लेखी परीक्षेचे आणि वीस गुण वर्षभराच्या अंतर्गत कामाचे असतात. त्या विसांसाठी प्रयोगवही लागते आणि प्रयोगवहीवर सही लागते. झालेल्या प्रयोगांवर जुन्या शिक्षकाची सही राहिली, तर नव्या शिक्षकाला तो प्रयोग आपल्यासमोर झालाच नाही असं वाटू शकतं आणि त्याचंही चूक नसतं.

त्यामुळे पत्राचं पहिलं अख्खं पान वह्यांबद्दल आहे. ज्यांच्या वह्या बाईंकडे आहेत त्यांनी कोणत्या दिवशी न्याव्यात, क्षारांच्या ओळखीचे कोणते प्रयोग सही होऊन पूर्ण आहेत, कोणते राहिलेत, नव्या सरांना काय विचारायचं आणि काय विचारण्यात वेळ घालवायचा नाही. निरोपाचं पत्र असं सुरू होईल अशी माझी कल्पना नव्हती. मला ते आवडलं. भावनेने सुरू होणारी निरोपपत्रं आपण पुष्कळ वाचलीत आणि त्यांतलं एकही जपून ठेवलेलं आठवत नाही. या पत्राचं पहिलं पान मात्र मुलांनी मार्चपर्यंत फेकलं नसणार.

मग पत्र सगळ्या वर्गाला का नाही? सगळ्या वर्गाला बाईंनी फळ्यावर आणि तोंडी इंग्रजीत सांगितलंच होतं. मराठी पत्र या मुलांना वेगळं दिलं, कारण त्यांच्या घरी ते वडील वाचणार होते. पालकसभेत हे वडील मागच्या रांगेत गप्प बसतात. इंग्रजी सूचनेवर मुलगा सांगेल तिथे सही करतात. मराठी कागद आला तर ते स्वतः वाचतात, हे बाईंना अनुभवाने माहीत होतं. पत्र मुलांच्या नावे असलं तरी अर्धा वाचक भट्टीपुढे बसलेला होता.

प्रिन्सिपॉलना प्रत का हवी

प्रिन्सिपॉल बंगाली आहेत, मराठी येत नाही. त्यांनी इंग्रजी प्रत मागितली यात अविश्वास नव्हता, असं बाई ठामपणे सांगतात आणि मलाही तसंच वाटतं. शाळेच्या आवारात शिक्षकाने विद्यार्थ्याच्या हाती दिलेला कागद हा शाळेचा कागद होतो. उद्या एखाद्या पालकाने त्यावरून काही विचारलं तर उत्तर प्रिन्सिपॉलना द्यावं लागतं. न वाचता येणाऱ्या कागदाची जबाबदारी कुणी कशी घेणार? शिवाय त्यातली एक प्रत बाईंच्या सेवेच्या फाइलमध्ये लागणार होती.

इंग्रजी प्रत वाचून त्यांनी तीन गोष्टी बदलायला सांगितल्या. मराठी पत्रात बाईंनी स्वतःचा फोन नंबर दिला होता, 'अडलं तर कधीही फोन करा' म्हणून. तो काढायला सांगितला. शिक्षक आणि अल्पवयीन विद्यार्थी यांचा खासगी संपर्क शाळेच्या कागदातून होऊ नये. पालकांकडे नंबर होताच, तेव्हा नुकसान काही झालं नाही. दुसरं, दोन मुलींची नावं घेऊन बाईंनी त्यांचं कौतुक केलं होतं. नावं गेली, कौतुक राहिलं. तिसरी गोष्ट जास्त अडचणीची होती. 'पूर्वपरीक्षेआधी जादा तास होतील' असं बाईंनी लिहिलं होतं. ते तास त्या घेणार नव्हत्या, शाळा घेणार होती आणि शाळेने तसं काही ठरवलेलं नव्हतं. जाणाऱ्या माणसाने मागे राहणाऱ्याच्या वतीने वचन देऊ नये. बाईंनी ते वाक्य दोन्ही प्रतींतून खोडलं.

दोन्ही प्रतींतून, हे महत्त्वाचं. इथे बाईंचा नियम लक्षात आला. तारखा, कामं, वह्या, वचनं यांत दोन्ही कागदांत तसूभर फरक नको, मराठीत एक आणि इंग्रजीत दुसरं असं एकही ठिकाण नको. बाकी गोष्टी वेगळ्या असू शकतात. त्यांनी हे लपवलंही नाही. इंग्रजी प्रतीच्या डोक्यावर एक ओळ आहे: हा मराठी पत्राचा शब्दशः अनुवाद नाही. सूचना पूर्ण दिल्या आहेत, वैयक्तिक मजकुराचा सारांश दिला आहे. खाली सही. अडीच पानांचा हिशेब त्या एका ओळीत आहे.

माफीचं वाक्य

सारांश करताना सगळ्यात जास्त चर्चा झाली ती एका साध्या वाक्यावर. मराठी पत्राच्या शेवटाकडे बाईंनी लिहिलं होतं: 'शिकवताना कधी रागावले असेन, कुणावर अन्याय झाला असेल, चुकलंमाकलं असेल, तर मोठ्या मनाने विसरून जा.' मराठी घरात वाढलेल्या कुणालाही या वाक्यात कबुली दिसणार नाही. लग्नघरातून निघताना, गाव सोडताना, आजारपणात, आपण हे म्हणतोच. न म्हटलं तर मात्र खटकतं.

बाईंनी ते जसंच्या तसं इंग्रजीत आणलं, तेव्हा कागदावर असं दिसायला लागलं की, एका शिक्षिकेने काही विद्यार्थ्यांवर अन्याय केल्याचं लेखी मान्य केलंय. आणि हा कागद तिच्या सेवेच्या फाइलमध्ये लागणार, निवृत्तिवेतनाचे कागद पुढे सरकायच्या आधी. प्रिन्सिपॉलनी पेन्सिलने त्या ओळीखाली रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह काढलं. बाईंना आधी हसू आलं, मग त्या थोड्या घाबरल्याही.

वाक्य गाळायचं का? गाळलं तर प्रिन्सिपॉलना मराठीत काय आहे ते कळलं नाही असं झालं. ठेवलं तर भलताच अर्थ. शेवटी इंग्रजीत लिहिलं गेलं ते असं: मराठी रिवाजाप्रमाणे निरोप घेताना मागतात तशी मी मुलांची क्षमा मागितली आहे. त्यांनी काय केलं ते सांगितलं, वाक्य उतरवलं नाही. दुसऱ्या भाषेतल्या रीतभातीचं काय करायचं, याला मला तरी याहून चांगलं उत्तर माहीत नाही. रूढ वाक्याचा अनुवाद करायचा नाही, तिथे कोणती रूढी आहे तेवढं नोंदवायचं.

निघतानाचं 'येते' मात्र इंग्रजीत पोचलंच नाही. मुलांना ते समजावून सांगावं लागलं नाही, कारण बंगाली माणूसही घरातून निघताना 'आशि', म्हणजे 'येतो' असंच म्हणतो. प्रिन्सिपॉलना बाईंनी ते तोंडी सांगितलं. ते म्हणाले, हे आधी सांगितलं असतंत तर मी मराठीच वाचायला शिकलो असतो.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

बंगालीचं आणि मराठीचं जवळपण नेहमी असं सोयीचं नसतं. पत्राचा पहिला खर्डा बाईंनी रविवारच्या वर्गातल्या एका सातवीच्या मुलीकडून मोठ्याने वाचून घेतला. मुलीने 'मला तुम्हा सगळ्यांचा अभिमान आहे' हे वाचलं आणि विचारलं, "आम्ही काय केलं?" तिच्या कानावर रोज पडतो तो बंगाली 'अभिमान'. जवळच्या माणसाने दुखावल्यावर येणारा रुसवा. बाई आपल्यावर रुसून चालल्यात, असं तिला वाटलं.

त्यानंतर बाईंनी अख्खा खर्डा या नजरेने तपासला. 'मोठ्यांचा आदर करा' असं होतं. बंगालीत आदर म्हणजे लाड. 'कुणाची चेष्टा करू नका' असं होतं. बंगालीत आणि हिंदीतही चेष्टा म्हणजे प्रयत्न, म्हणजे बाई मुलांना प्रयत्न करू नका म्हणून सांगून चालल्या. 'शिक्षा' हा शब्द तर हिंदीच्या पुस्तकात शिकण्यासाठी येतो आणि बाईंच्या पत्रात ओणवं उभं राहण्यासाठी आला होता. मुलं घरी मराठी बोलत असली तरी घरातलं मराठी चुलीजवळचं असतं, 'अभिमान' आणि 'आदर' हे पुस्तकी शब्द त्यात क्वचितच येतात. ते येतात शाळेतून, म्हणजे हिंदी-बंगालीचा अर्थ घेऊन. बाईंनी उपाय साधा केला. पुस्तकी शब्द काढले आणि घरचे घातले. 'अभिमान आहे' याच्या जागी 'तुमच्याविषयी चारचौघांत सांगताना माझी छाती फुगते' आलं. 'चेष्टा' जाऊन 'टिंगल' आली.

वाचण्याचीही एक अडचण होती. हिंदीवर शिकलेल्या मुलाला ळ दिसला की ते अडतं, 'शाळा' ला 'शाला' म्हणतं. 'चार' आणि 'चमचा' यांतले दोन च ते एकसारखेच वाचतं, कारण अक्षर एकच. बाईंनी पत्र शाळेच्या ऑफिसात टाइप करायला दिलं, तेव्हा तिथल्या कारकुनाने हिंदीच्या सवयीने 'दुसऱ्या' लिहिताना र आणि य जोडले आणि 'दुसर्या' झालं. 'सुऱ्या'ची तर 'सुर्या' व्हायची. मराठीतला तो अर्धा र आणण्यासाठी कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ शोधावा लागतो, तो त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हता. तीनदा दुरुस्ती करूनही कुठेतरी एक राहायचाच. मग बाईंनी सरळ हाताने लिहून झेरॉक्स काढल्या. म्हणून माझ्यापुढचं मराठी पत्र हाताने, निळ्या शाईत लिहिलेलं होतं.

दोनशे वर्षांपूर्वीचा वर्ग

कोलकात्यात मराठी शिकवणं आणि त्याचा इंग्रजीत हिशेब देणं, ही गोष्ट या शहराला नवी नाही. वेलस्लीने 1800 साली फोर्ट विल्यम कॉलेज काढलं ते कंपनीच्या तरुण गोऱ्या अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवायला. तिथे मराठी शिकवायचे विल्यम कॅरी, आणि त्यांच्याशेजारी असायचे वैद्यनाथ पंडित. 1805 मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून कॅरींचं मराठीचं इंग्रजी व्याकरण निघालं, त्यात सरावासाठी रोजच्या व्यवहारातले संवाद जोडलेले होते. 1810 चा त्यांचा कोश मोडी अक्षरांत छापला. पुण्या-मुंबईत मराठी छापखाने रुजायच्या आधीची ही गोष्ट. त्या वर्गात मराठी ज्यांची होती ते पंडित होते आणि मराठी ज्यांना शिकायची होती ते साहेब. बाईंच्या रविवारच्या वर्गात मराठी ज्यांची आहे त्यांनाच ती शिकवावी लागते.

मधल्या काळातलं एक नाव बाईंनीच काढलं, सखाराम गणेश देऊस्कर. मराठी घराण्यातले, जन्म देवघरजवळचा, पेशाने काही काळ शिक्षक, मग कलकत्त्यात 'हितवादी' या पत्रात. 1904 चं त्यांचं 'देशेर कथा' बंगालीत आहे आणि 1910 मध्ये सरकारने ते जप्त केलं. बंगालमधल्या त्या पिढीतल्या मराठी माणसाने लिहायचं तर बंगालीत लिहिलं. बाईंना बंगाली अस्खलित येतं, तरी या मुलांना त्यांनी बंगालीत लिहिलं नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्यांचे बाप बंगाली वाचत नाहीत हो."

सोन्याचा परिच्छेद

इंग्रजीत सारांशाने आलेला एक परिच्छेद मूळ मराठीत अर्ध्या पानाचा आहे आणि मला वाटतं पत्राचा जीव तिथे आहे. नायट्रिक ॲसिड हा दहावीच्या अभ्यासक्रमातला धडा. वर्गातली बाकीची मुलं तो पाठ करतात. गलाईवाल्याच्या मुलाने ते ॲसिड आणि त्याचा तपकिरी धूर लहानपणापासून पाहिलेला असतो, पण घरात चालतं ते आणि पुस्तकात आहे ते एकच, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

बाईंनी ते सांगितलं आहे. जुन्या दागिन्यात सोन्याबरोबर तांबं-चांदी असते. नायट्रिक ॲसिड सोन्याला विरघळवत नाही, चांदी-तांब्याला विरघळवतं. मग दागिना सरळ ॲसिडात का टाकत नाहीत? कारण सोनं जास्त असलं तर ते आतल्या चांदीला झाकून बसतं, ॲसिड आत शिरत नाही. म्हणून तुमचे वडील आधी त्यात आणखी चांदी घालून वितळवतात, साधारण एका भागाला तीन भाग होईल इतकी. वेड्यासारखं वाटतं, सोनं शुद्ध करायला त्यात भेसळ वाढवायची! पण त्यामुळेच ॲसिडाला वाट मिळते. चांदी निघून जाते, खाली तपकिरी भुकटी राहते, तिच्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही की हे सोनं आहे. धुऊन, टाकणखार घालून मुशीत वितळवली की पिवळं होतं. उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी ठेवली की चांदी परत मिळते, आणि ती का मिळते हे तुमच्या पुस्तकात धातूंच्या क्रियाशीलतेच्या तक्त्यात आहे. जा, वडिलांना विचारा आणि मग त्यांना तक्ता दाखवा. त्याच परिच्छेदात पुढे एक सक्त ओळ आहे: तो तपकिरी धूर विषारी आहे, खोकला लगेच आला नाही तरी काही तासांनी फुप्फुसाला त्रास होऊ शकतो. खिडकीकडे पंखा बाहेर फुंकणारा लावा आणि धाकट्या भावंडांना तिथे झोपवू नका.

इंग्रजी प्रतीत याचं झालं आहे: काही विद्यार्थ्यांच्या कुटुंबांच्या व्यवसायाशी अभ्यासक्रमाचा संबंध जोडून दाखवला आहे आणि सुरक्षिततेची सूचना दिली आहे. खोटं काही नाही. प्रिन्सिपॉलना तेवढं पुरे होतं.

बडाबाजारात मी एका गलाईच्या खोलीत गेलो तेव्हा हे पत्र भिंतीला चिकटवलेलं नव्हतं, तिजोरीच्या कप्प्यात पावत्यांबरोबर घडी करून ठेवलेलं होतं. घरधन्यांना तीन भागांचा हिशेब बापाकडून मिळालेला, त्याचं कारण मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं. "पोरगं म्हणालं म्हणून कळलं," ते म्हणाले. मी खिडकीकडे बघितलं. पंखा होता. हवा आत फेकत होता. मी तसं म्हणताच त्यांनी मुलाला हाक मारली, "बघ रं, बाईनी काय लिहिलंय, कुठल्या अंगानं?"

तिसरी प्रत

मी निघायच्या आधी बाईंकडे परत गेलो तेव्हा त्या तिसऱ्या प्रतीवर बसल्या होत्या. स्टाफरूममधल्या सहकारी बायकांना पत्र हवं होतं, बंगालीत. प्रिन्सिपॉलची कोरडी प्रत त्यांना नको होती, त्यांना मधली अडीच पानं हवी होती. बाईंची गाडी पुन्हा त्याच ओळीवर अडली होती. 'छाती फुगते' बंगालीत जरा पैलवानी वाटतं. 'अभिमान' तर शक्यच नाही. बंगालीत तिथे 'गर्व' लिहितात, आणि ते लिहायला त्यांचा मराठी हात धजत नव्हता. तेवढी एक जागा कोरी सोडून त्यांनी कागद शेजारच्या फ्लॅटमधल्या बंगाली मैत्रिणीकडे पाठवून दिला.